क्लिअरिंग एजंटाचे बिल : कर मेहनतान्यावर, अमानतीवर नव्हे

वांद्रे पूर्वेकडील बेहरामपाडा, नौपाडा आणि खाडीपलीकडची धारावी या पट्ट्यात शिलाईचे, बॅगांचे व चामड्याचे काम करणारे कारखानदार आता बकल, चेन, कड्या, मशीनचे सुटे भाग असा माल परदेशातून थेट मागवू लागले आहेत. माल न्हावा शेवा बंदरावर किंवा सहारच्या विमानतळावर उतरतो आणि तो सोडवून आणण्याचे काम क्लिअरिंग एजंटाकडे, म्हणजे ज्याला सरकारी भाषेत कस्टम ब्रोकर म्हणतात त्याच्याकडे जाते. काम झाल्यावर एजंटाचे बिल येते. त्यात एजंटाची फी पाच-सहा हजार असते, पण बिलाचा एकूण आकडा दीड-दोन लाखांचा असतो, कारण कस्टम ड्यूटी, जहाज कंपनीचे पैसे, गोदामाचे भाडे असे सारे त्याने आपल्यावतीने आधी भरलेले असते.

आता प्रश्न असा की या बिलावर १८ टक्के जी.एस.टी. कशावर लागायचा? फक्त फीवर की एकूण आकड्यावर? आमच्या पाहण्यात अशी बिले येतात की ज्यांत सगळ्या रकमेवर सरसकट कर लावलेला असतो, आणि अशीही येतात की ज्यांत एजंटाने स्वतःचा खर्चही ‘तुमच्यावतीने केला’ असे लिहून करातून वगळलेला असतो. दोन्ही चूक. पहिल्या चुकीत नुकसान व्यापाऱ्याचे, दुसरीत अडचण एजंटाची. या लेखात आम्ही यासंबंधीचा नियम आणि त्याच्या अटी एका बिलाच्या आधारे समजावून देणार आहोत. उदाहरण क्लिअरिंगचे घेतले असले तरी पासपोर्टचे अर्ज भरून देणारा, कंपनी नोंदवून देणारा, भाडेकराराची नोंदणी करून देणारा अशा दुसऱ्याची सरकारी फी आपल्या हाताने भरणाऱ्या प्रत्येकाला तो लागू आहे.

नियम काय सांगतो

केंद्रीय जी.एस.टी. नियमावली २०१७ मधील नियम ३३ या विषयावर आहे. सेवा देणाऱ्याने ग्राहकाचा ‘प्युअर एजंट’ म्हणून, म्हणजे निव्वळ प्रतिनिधी म्हणून जो खर्च केला असेल तो करपात्र मूल्यातून वगळायचा, असे हा नियम सांगतो. हे न समजण्यासारखे नाही. आपण शेजाऱ्याला आपले विजेचे बिल भरायला पैसे दिले तर ते पैसे शेजाऱ्याची कमाई होत नाहीत. ती त्याच्या हातातील आपली अमानत असते. एजंटाने आधी स्वतःच्या खिशातून भरले आणि मागाहून आपल्याकडून घेतले तरी रकमेचे स्वरूप बदलत नाही. ते देणे मुळात आपलेच होते.

पण कायदा नुसत्या ‘अमानत’ या शब्दावर विश्वास ठेवीत नाही. निव्वळ प्रतिनिधी कोणाला म्हणायचे याच्या चार कसोट्या त्याने घालून दिल्या आहेत.

पहिली, ग्राहकाशी तसा करार झालेला असावा की हा खर्च मी तुमचा प्रतिनिधी म्हणून करीन. दुसरी, त्या पैशातून जो माल किंवा जी सेवा घेतली तिची मालकी प्रतिनिधीने आपल्याकडे ठेवू नये आणि तसा त्याचा हेतूही नसावा. तिसरी, ती वस्तू किंवा सेवा त्याने स्वतःच्या कामासाठी वापरू नये. चौथी, जितके भरले तितकेच घ्यावे, एक रुपयाही जास्त नको.

यांखेरीज बिलाशी संबंधित तीन अटी आहेत. तिसऱ्या पक्षाला पैसे दिले ते ग्राहकाच्या अधिकारपत्राने दिलेले असावेत. ती रक्कम एजंटाने आपल्या बिलात वेगळी दाखवलेली असावी. आणि तिसऱ्या पक्षाकडून जे घेतले ते एजंटाच्या स्वतःच्या सेवेखेरीज वेगळे असावे, त्याच सेवेचा भाग नसावे. या सगळ्या गोष्टी एकत्र जुळल्या तरच रक्कम करातून सुटते. एखादी जरी हुकली तर ती रक्कम एजंटाच्या करपात्र मूल्यात जाते.

एक बिल तपासून पाहू

समजा, नौपाड्यातील एका बॅग बनवणाऱ्या कारखानदाराने बकल आणि कड्यांची खेप न्हावा शेवाला उतरवली आहे. एजंटाने पुढीलप्रमाणे खर्च मांडला. आकडे हिशेब समजावा म्हणून आम्ही धरलेले आहेत.

कस्टम ड्यूटी, आयातीवरील आय.जी.एस.टी. धरून : १,२४,००० रुपये
जहाज कंपनीचे डिलिव्हरी ऑर्डरचे बिल, जी.एस.टी. धरून : १४,१६० रुपये
बंदराबाहेरील कंटेनर गोदामाचे बिल, जी.एस.टी. धरून : ११,८०० रुपये
एजंटाच्या टेम्पोने वांद्र्यापर्यंत वाहतूक : ९,००० रुपये
झेरॉक्स, फोन, माणसाचे येणे-जाणे : १,५०० रुपये
एजंटाची फी : ६,००० रुपये

एकूण १,६६,४६० रुपये झाले. आता एकेक ओळ पाहू.

कस्टम ड्यूटी ही आयातदाराची जबाबदारी आहे. ‘बिल ऑफ एंट्री’ हा कागद आयातदाराच्या नावाने असतो, ड्यूटीचे चलन त्याच्या नावाचे असते आणि त्यातील आय.जी.एस.टी.ची वजावटही त्यालाच मिळते. एजंटाचा या रकमेशी संबंध फक्त हाताने भरण्यापुरता. अधिकारपत्र असेल आणि बिलात वेगळी दाखवली असेल तर ही रक्कम करातून बाहेर.

जहाज कंपनीचे आणि गोदामाचे बिल आयातदाराच्या नावाने, त्याचा जी.एस.टी. क्रमांक घालून निघालेले असेल तर तेही त्याच रांगेत बसते. माल आयातदाराचा, सेवा त्याला मिळाली, एजंटाने केवळ पैसे पोचवले.

टेम्पोची गोष्ट वेगळी. टेम्पो एजंटाचा, ड्रायव्हर एजंटाचा. इथे तिसरा पक्ष कोणी नाहीच. माल सोडवून घरपोच करण्याचे जे काम एजंटाने घेतले त्याचाच तो एक भाग आहे. म्हणून ९,००० रुपये करपात्र.

झेरॉक्स, फोन, माणसाचे येणे-जाणे हे १,५०० रुपये अगदी पावत्या जोडून प्रत्यक्ष खर्चाइतकेच घेतले तरी करातून सुटत नाहीत, कारण फोन एजंटाने स्वतःचे काम करण्यासाठी वापरला. टेलिफोन कंपनीचे देणे व्यापाऱ्याचे कधीच नव्हते. बहुतेक वाद याच ओळीवर होतात. ‘प्रत्यक्ष खर्च’ असणे ही एक अट झाली, ती एकटी पुरेशी नाही.

तेव्हा करपात्र मूल्य झाले फी ६,०००, वाहतूक ९,००० आणि किरकोळ खर्च १,५०० मिळून १६,५०० रुपये. त्यावर १८ टक्क्यांनी कर २,९७० रुपये. प्रतिनिधी म्हणून भरलेली रक्कम १,४९,९६० रुपये, तिच्यावर एजंटाचा कर शून्य. बिलाची बेरीज १,६९,४३० रुपये.

आता हेच बिल सरसकट केले असते तर १,६६,४६० रुपयांवर कर झाला असता २९,९६२ रुपये ८० पैसे. म्हणजे जवळपास २७,००० रुपये जास्त, एजंटाच्या फीच्या चौपटीहून अधिक. शिवाय ड्यूटीतील आय.जी.एस.टी.वर पुन्हा जी.एस.टी. बसला तो वेगळाच अन्याय. नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला या कराची वजावट मागता येईल, पण तोपर्यंत त्याचे भांडवल अडकले, आणि एजंटाने आपले विवरणपत्र वेळेवर भरले नाही तर वजावटही अडते. जो कारागीर कॉम्पोझिशन योजनेत आहे त्याला वजावट मुळीच नाही. त्याच्यासाठी हे २७,००० रुपये सरळ मालाच्या किमतीत जातात.

बिल कोणाच्या नावाने आहे, ते आधी पाहा

तिसऱ्या पक्षाचे बिल ग्राहकाच्याच नावाने हवे असे नियम ३३ मध्ये शब्दशः लिहिलेले नाही. पण मालकी आपल्याकडे ठेवू नये, आपल्या कामासाठी वापरू नये या कसोट्या सिद्ध करायला दुसरा सोपा पुरावा नाही. बिल एजंटाच्या नावाने आणि त्याच्या जी.एस.टी. क्रमांकावर निघाले की अधिकारी प्रथम हेच विचारणार की ही सेवा कोणी घेतली.

वरच्या उदाहरणातील गोदामाचे ११,८०० रुपये घ्या. त्यात १०,००० रुपये मूळ रक्कम आणि १,८०० रुपये कर आहे. समजा गोदामवाल्याने बिल एजंटाच्या नावाने काढले. अशा वेळी प्रतिनिधीचा आव आणू नये. एजंटाने १,८०० रुपयांची वजावट स्वतः घ्यावी, आपल्या बिलात गोदामाचे १०,००० रुपये करपात्र म्हणून धरावे आणि त्यावर १,८०० रुपये कर लावावा. व्यापाऱ्याला शेवटी तितकेच, म्हणजे ११,८०० रुपये पडतात, आणि नियमित नोंदणीवाल्याला वजावट एजंटाच्या बिलावरून मिळते. कोणाचेच नुकसान नाही.

बिघडते ते दोन प्रकारे. एक, एजंट वजावट तर घेतो, पण व्यापाऱ्याच्या बिलात ११,८०० रुपयांवर पुन्हा १८ टक्के, म्हणजे २,१२४ रुपये लावतो. करावर कर बसून ११,८०० चे १३,९२४ होतात. दोन, एजंट १,८०० रुपयांची वजावटही घेतो आणि व्यापाऱ्याकडून ११,८०० रुपये ‘प्रतिनिधी म्हणून’ बिनकराचे घेतो. हे तर उघड दोन दगडांवर पाय ठेवणे आहे. ज्या खर्चाची वजावट तुम्ही घेतली तो तुमचाच खर्च होता हे तुम्ही स्वतः लिहून दिल्यासारखे आहे. एजंटाची विवरणपत्रे आणि ग्राहकाची बिले शेजारी ठेवली की ही गोष्ट लगेच दिसते.

एक रुपयाही जास्त नको

क्लिअरिंगच्या धंद्यात अशी एक रीत आहे की गोदामाचे ११,८०० झाले तर बिलात १३,००० लावायचे. धावपळ झाली, पैसे आठ दिवस अडकले, म्हणून वरचे १,२०० आपले. धावपळीचा मोबदला घेण्यास कोणाची हरकत नाही. पण तो या ओळीत घेतला की चौथी कसोटी मोडते. मग फक्त वरच्या १,२०० रुपयांवर कर भरून भागत नाही. प्रत्यक्ष रकमेइतकेच घेण्याची अट मोडल्यामुळे त्या ओळीपुरता एजंट प्रतिनिधी उरत नाही आणि पूर्ण १३,००० रुपये मूल्यात धरले जाऊ शकतात. त्यावर कर होतो २,३४० रुपये. म्हणजे १,२०० रुपयांच्या लोभापायी दुप्पट कर. पैसे अडकल्याचा मोबदला हवा असेल तर तो फीमध्ये धरावा किंवा सेवा आकार म्हणून वेगळा दाखवावा आणि त्यावर कर लावावा.

माल आणून काम करणाऱ्या कारागिरासाठी

आमचे सुतार, फर्निचर आणि रंगकाम करणारे बांधव विचारतात की प्लायवूड आम्ही गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून आणतो, दुकानाच्या भावातच लावतो, मग तेही प्रतिनिधी म्हणून दाखवून फक्त मजुरीवर कर लावावा का? बहुतेक ठिकाणी याचे उत्तर नाही असेच आहे. कपाट बनवून देण्याचे काम घेतले तर प्लायवूड हा त्या कामाचाच भाग झाला. तो तुम्ही विकत घेतला, तुमच्या नावावर बिल झाले, तुम्ही कापला, जोडला. मालकी न ठेवणे, स्वतःच्या कामासाठी न वापरणे आणि स्वतःच्या सेवेहून वेगळे असणे या तिन्ही अटी इथे गळतात. गिऱ्हाइकाला खरोखर माल स्वतःचा द्यायचा असेल तर त्याने दुकानातून स्वतःच्या नावाने बिल घ्यावे, पैसे स्वतः द्यावे आणि कारागिराशी फक्त मजुरीचा व्यवहार ठरवावा. हा मार्ग सरळ आहे आणि त्यात नियम ३३ चा प्रश्नच उद्भवत नाही.

हीच सोय क्लिअरिंगमध्येही आहे. कस्टम ड्यूटी आयातदाराला आपल्या बँक खात्यातून ऑनलाइन भरता येते. मोठी रक्कम स्वतः भरली की एजंटाच्या बिलात ती येणारच नाही आणि वादाचे मूळच नाहीसे होईल.

जुन्या निकालाचा आधार कुठवर

काही सल्लागार सांगतात की सर्वोच्च न्यायालयाने परताव्याच्या रकमेवर कर लागत नाही असा निकाल दिला आहे, तेव्हा अटींची चिंता नको. हा निकाल खरा आहे. इंटरकॉन्टिनेंटल कन्सल्टंट्स या कंपनीच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ साली आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०१८ रोजी, सेवेच्या मूल्यात परताव्याचा खर्च मिळवणारा २००६ चा नियम कायद्याच्या कलमापलीकडे जातो म्हणून रद्द ठरवला. पण तो निकाल जुन्या सेवा कराचा आहे. १४ मे २०१५ पासून त्या कायद्याचे कलमच बदलून परताव्याचा खर्च मूल्यात आणला गेला होता. १ जुलै २०१७ पासून तर जी.एस.टी. आला आणि त्याच्या कलम १५ मध्ये पुरवठादाराने आकारलेला आनुषंगिक खर्च मूल्यात धरावा असे म्हटले आहे. त्यामुळे आज सुटका हवी असेल तर नियम ३३ च्या दारातूनच जावे लागेल.

उलट एक जुना निर्णय आजही समजून घेण्यासारखा आहे. श्री भगवती ट्रेडर्स, कोचीन यांच्या प्रकरणात अपील न्यायाधिकरणाच्या मोठ्या पीठाने २०११ साली सांगितले की ग्राहकाचे तिसऱ्या पक्षाला कायद्याने किंवा कराराने काही देणे असेल आणि ते सेवा देणाऱ्याने भरले, तरच त्याला परतावा म्हणावे. जागेच्या भाड्याचे उदाहरण देऊन पीठाने विचारले की घरमालकाचा करार कोणाशी आहे, ग्राहकाशी की सेवा देणाऱ्याशी? हाच प्रश्न आपल्या बिलाच्या प्रत्येक ओळीला विचारावा. एजंटाने पैसे भरले नसते तर तिसऱ्या पक्षाने मागणी कोणाकडे केली असती? उत्तर ‘व्यापाऱ्याकडे’ असेल तर ती रक्कम अमानत, ‘एजंटाकडे’ असेल तर तो एजंटाचा खर्च.

कागद कोणते हवेत

एजंटाला कस्टमच्या कामासाठी आयातदाराकडून अधिकारपत्र घ्यावेच लागते. पण ते माल सोडवण्यापुरते असते. त्यात किंवा वेगळ्या पत्रात पैशाविषयी स्पष्ट वाक्य हवे. मजकूर साधा चालेल : “आमच्या आयात मालाच्या संबंधात कस्टम ड्यूटी, जहाज कंपनीचे व गोदामाचे आकार आमच्यावतीने, आमचे निव्वळ प्रतिनिधी म्हणून भरण्याचा अधिकार आम्ही आपणांस देत आहोत. या रकमा प्रत्यक्ष खर्चाइतक्या, मूळ पावत्यांसह, आम्ही आपणांस देऊ. या सेवांवर आपला कोणताही हक्क राहणार नाही.” पत्रावर खर्च करण्यापूर्वीची तारीख असावी. बिल झाल्यावर मागची तारीख घालून केलेले पत्र पुरावा होत नाही.

बिलाचे दोन भाग करावे. वर स्वतःच्या सेवा आणि त्यावरील कर. खाली ‘प्रतिनिधी म्हणून भरलेल्या रकमा’ या मथळ्याखाली प्रत्येक रक्कम, कोणाला दिली, चलन किंवा बिल क्रमांक आणि तारीख. ‘इतर खर्च’ अशी एकच ओळ घालून मोठा आकडा लिहू नये. रक्कम वेगळी दाखवण्याची अट अशा ओळीने पुरी होत नाही. मूळ बिले व्यापाऱ्याला द्यावीत, त्याची वजावट त्यांवरच अवलंबून आहे, आणि प्रती एजंटाने ठेवाव्यात. हिशेबाच्या वहीत या रकमा विक्रीत किंवा उत्पन्नात न धरता ग्राहकाच्या खात्यावर टाकाव्यात.

हे कागद त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवायचे असतात. चौकशी कधी दोन-तीन वर्षांनी येते. तेव्हा पत्र सापडले नाही तर कर तर भरावाच लागतो, वर साल दरसाल १८ टक्के व्याज आणि दंडही असतो, आणि इतक्या दिवसांनी तो पैसा व्यापाऱ्याकडून मागणे एजंटाला जड जाते.

तेव्हा पुढचे बिल हाती येईल तेव्हा व्यापारी बांधवांनी बेरीज पाहण्याआधी कर कोणत्या रकमेवर लावला आहे ते पाहावे. ड्यूटीवर कर लावलेला दिसला तर अधिकारपत्र आणि मूळ चलन पुढे करून बिल दुरुस्त करून मागावे. आणि एजंट बांधवांनी फीमधला खर्च अमानतीच्या रकान्यात सरकवू नये. रकाना स्वच्छ राहिला तरच खऱ्या अमानतीची सूट टिकेल.